आजोबांची कुळाची जमीन आणि ‘वर्ग 2’चा शेरा

प्रश्न : आजोबांना कुळ म्हणून मिळालेली भातजमीन रोहा तालुक्यात आहे. वडील गेल्या महिन्यात वारले. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग 2’ आणि इतर हक्कांत ‘कु.का.क. 43 चे बंधन’ असे लिहिले आहे. क्षेत्रासमोर तरी, वरकस, पोटखराबा हे शब्द आहेत. गावातले एक मध्यस्थ सांगतात की ही जमीन सरकारचीच आहे, वारसांची नावे लावायलाही मोठा नजराणा भरावा लागेल. हे खरे का?
– एक वाचक, रायगड

उत्तर : नाही. वारसाने जमीन मिळणे म्हणजे हस्तांतर नव्हे, त्यामुळे वारसनोंदीला परवानगी लागत नाही आणि नजराणाही नाही. मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे अर्ज द्या. त्यात बहिणींची नावे वगळू नका. त्यांचा हक्क भावांइतकाच आहे.

‘वर्ग 2’ म्हणजे जमीन तुमचीच, पण विकण्यावर बंधन. हे बंधन कशामुळे आले, ते इतर हक्कांतल्या शेऱ्यावरून कळते. तुमचा शेरा कुळकायद्याच्या कलम 43चा आहे. कुळाने कायद्याने विकत घेतलेली जमीन पुन्हा धनिकांच्या हाती जाऊ नये म्हणून जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीची अट होती. 2014च्या दुरुस्तीने ती सैल झाली. खरेदीला दहा वर्षे झाली असतील, तर आकाराच्या चाळीस पट रक्कम भरून पूर्वपरवानगीशिवाय जमीन विकता येते. आकार म्हणजे सातबाऱ्यावरचा शेतसारा, बाजारभाव नव्हे. समजा तुमचा आकार 4 रुपये 50 पैसे आहे, तर भरायचे फक्त 180 रुपये! घेणारा मात्र शेतकरी हवा आणि कमाल जमीनधारणा व तुकडेबंदीचे नियमही पाळावे लागतात.

त्याआधी एक गोष्ट जरूर तपासा. आजोबांच्या नावाशेजारी वर्तुळात फेरफार क्रमांक असेल. तो फेरफार काढा आणि त्यात 32 म प्रमाणपत्राचा उल्लेख आहे का, ते पाहा. किंमत पूर्ण भरल्यावर कुळाला हे प्रमाणपत्र मिळते. कब्जेदार म्हणून अजून जुन्या जमीनदाराचे नाव असेल आणि आजोबा इतर हक्कांत ‘कुळ’ एवढेच असतील, तर खरेदी पुरी झालेली नाही. अशा वेळी आधी तहसीलदारांकडे ते प्रकरण मार्गी लावावे लागेल.

शेरा वतनाचा, पुनर्वसनाचा किंवा सरकारी वाटपाचा असेल, तर ही चाळीस पट सवलत लागू होत नाही. त्या जमिनींचे नियम वेगळे आहेत.

बाकीचे शब्द जमिनीचा प्रकार सांगतात. तरी म्हणजे भाताचे खाचर. वरकस म्हणजे राब, गवत, नाचणी-वरीची डोंगरउताराची जमीन. पोटखराबा लागवडीस अयोग्य धरलेला आणि आकार न लावलेला भाग. त्यातला ‘अ’ खडक-नाल्यांचा, तो तुम्ही कसू शकता. ‘ब’ मात्र रस्ता, पाणवठा अशा सार्वजनिक वापराचा. विक्रीचा हिशेब करताना तो धरू नका.

आधी वारसनोंद करा, मग फेरफार आणि 32 मची नक्कल हाती घ्या. तोवर मध्यस्थाला एक रुपयाही देऊ नका.