पाटीवरचे नाव आणि खरा मालक

प्रश्न : माधवनगरात माझा सुताचा व्यापार आहे. एका यंत्रमाग कंपनीला उधारीवर माल द्यायचा आहे. तिचा मालक कोण, हे कसे कळेल? (एक वाचक, माधवनगर)

उत्तर : आधी बिलावरचे पूर्ण नाव वाचा. ‘ओपीसी प्रायव्हेट लिमिटेड’ म्हणजे सगळे शेअर एकाच व्यक्तीचे. तिथे नेमलेला नॉमिनी मालक नसतो. त्या व्यक्तीच्या मृत्यूनंतर किंवा ती करार करण्यास असमर्थ ठरल्यावरच त्याची पाळी येते. ‘प्रायव्हेट लिमिटेड’मध्ये किमान दोन भागधारक लागतात. नुसते ‘लिमिटेड’ असेल तर पब्लिक कंपनी, किमान सात भागधारकांची. पण ती शेअर बाजारात असेलच असे नाही. आपल्या जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीशी जोडलेली किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड बाजारात नोंदलेली आहे, म्हणून प्रवर्तकांकडे किती टक्के शेअर आहेत हे दर तिमाहीला जाहीर होते.

तुमचा ग्राहक बाजारात नोंदलेला नसेल तर असे आपोआप कळणार नाही. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर फुकट दिसतात ते संचालक, आणि लोक इथेच फसतात. संचालक पगारी माणूसही असू शकतो. थोडे शुल्क भरून वार्षिक विवरणपत्र मागवा (MGT-7, छोट्या कंपनीचे व ओपीसीचे MGT-7A) आणि त्यासोबतची भागधारकांची यादी पाहा. ती वर्षअखेरची असते. नंतर विकलेले शेअर तिच्यात दिसत नाहीत.

आणि मालक सापडला तरी उधारी कंपनीचीच राहते. म्हणून माल देण्याआधी त्याची वैयक्तिक हमी लेखी घ्या.