फोटो ५० केबीत कसा बसवायचा?

प्रश्न : बँकेच्या परीक्षेचा (आयबीपीएस) फॉर्म भरतोय. मोबाइलवरचा फोटो चार एमबीचा आहे, २० ते ५० केबीचा मागतात. चारही बाजूंनी कापला, तरी जास्तच. जबरदस्तीने लहान केला तर चेहरा फुटतो.
– एक वाचक, मानोरा

उत्तर : कापून थोडंच वजन उतरतं. मोबाइलच्या फोटोत ३००० × ४००० म्हणजे सव्वा कोटीच्या आसपास ठिपके (पिक्सेल) असतात. ते सगळे ठेवून फाइल ५० केबीत कोंबली की चेहरा फुटणारच. म्हणून आधी ठिपके कमी करा. आयबीपीएसला २०० × २३० पिक्सेलचा फोटो चालतो, म्हणजे फक्त ४६ हजार ठिपके!

संगणकावर पेंटमध्ये फोटो उघडा आणि साधारण त्याच उभ्या प्रमाणात कापा. मग Resize मध्ये Pixels निवडून रुंदी २०० करा. Maintain aspect ratio ची खूण तशीच राहू द्या, नाहीतर चेहरा ताणला जाईल. शेवटी JPEG म्हणून नव्या नावाने सेव्ह करा. मूळ फोटो जपून ठेवा.

आता उलटी अडचण येऊ शकते : फाइल १५ केबीचीच झाली! तीही नाकारली जाते. अशा वेळी मूळ फोटोपासून पुन्हा सुरू करून २४० × २७६ करून पाहा. लहान झालेला फोटो मोठा करू नका, तो धूसर होतो. फाइलचं नाव .png वरून .jpg केल्यानेही काही साधत नाही.

सहीला १४० × ६० पिक्सेल, १० ते २० केबी. फाइल लहान करायला आधार कार्डाचा फोटो मात्र अनोळखी ‘फुकट’ वेबसाइटवर चढवू नका.