पॉज केलं की उघडं पडतं

ब्लरचं काम करून देणारा कुणी ‘९८ टक्के चेहरे झाकले’ म्हणाला, की मी आधी विचारतो, टक्के कशाचे? बहुतेकदा उत्तर येतं, फ्रेमचे. तिथेच गोम आहे.

शाळा सुटतानाचा एक चौक आम्ही तपासत होतो. दुचाक्या, रिक्षा, स्कूलबस आणि मधून वाट काढणारी मुलं. कोण कुणाच्या किती जवळून गेलं, कुठे टक्कर थोडक्यात हुकली, हे व्हिडिओतून मोजायचं होतं. समोरच्या पहिल्या मजल्याच्या गॅलरीत कॅमेरा, सेकंदाला २५ फ्रेम, २० मिनिटांचं चित्रीकरण, म्हणजे ३० हजार फ्रेम. विश्लेषण झाल्यावर क्लिप पालकांच्या बैठकीत दाखवायची होती. चेहरे आणि नंबरप्लेट झाकायचं काम बाहेरच्या एका कंपनीला दिलेलं. पडद्यावर क्लिप फिरली तेव्हा सगळं स्वच्छ वाटलं. मग ती व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेली आणि कुणीतरी मोबाइलवर नेमक्या जागी पॉज केलं. स्कूटरवर ट्रिपल सीट बसलेली एक मुलगी, चेहरा लख्ख. संध्याकाळपर्यंत ती कुणाची, कुणाच्या गाडीवर होती, याची चर्चा गल्लीभर.

मुलगी क्लिपमध्ये ८ सेकंद होती, म्हणजे २०० फ्रेम. चेहरा उघडा होता फक्त ४ फ्रेममध्ये. कंपनीचा हिशोब बरोबरच होता, ९८ टक्के! पण ओळख पटायला एक फ्रेम पुरते. म्हणून हिशोब माणसागणिक मांडायचा. एक माणूस कॅमेऱ्यात आल्यापासून बाहेर पडेपर्यंतचा सलग माग, म्हणजे ट्रॅक, हे एकक. त्यातली एक जरी फ्रेम सुटली तरी तो ट्रॅक नापास.

सुटलेल्या फ्रेम विखुरलेल्या नसतात, त्या ठरावीक जागी साचतात. माणूस चित्राच्या कडेने आत शिरतो तेव्हा, रिक्षाआडून पुन्हा दिसतो तेव्हा, मान वळवतो तेव्हा. ती मुलगी मागे वळून बघत होती. चेहरा एका बाजूनेच दिसू लागला आणि सॉफ्टवेअरचा ‘हा चेहराच आहे’ हा भरवसा ०.५ च्या खाली घसरला. ०.५ ही त्यांनी ठेवलेली मर्यादा होती, त्याखालचं सगळं वगळलं गेलं.

ही मर्यादा मी ०.१५ च्या आसपास आणतो. मग पाण्याची टाकी आणि फ्लेक्सवरचे भाऊ-दादाही धूसर होतात, पण त्याने कुणाचं काही बिघडत नाही. त्यानंतर प्रत्येक चेहऱ्याचे तुकडे एका ट्रॅकमध्ये जोडायचे, मधल्या रिकाम्या फ्रेम भरून काढायच्या आणि ट्रॅकच्या दोन्ही टोकांना अर्धा-अर्धा सेकंद जादा झाकण द्यायचं. चित्रीकरण आधीच झालेलं असल्यामुळे तोच माग शेवटाकडून सुरुवातीकडे उलटाही काढता येतो. लांबून येणारा चेहरा सुरुवातीला फार लहान म्हणून सापडत नाही. जवळ आल्यावर सापडला की तिथून मागे जाता येतं. चौकटही सगळ्या बाजूंनी पाव भागाने मोठी घ्यावी.

नंबरप्लेटचं दुखणं वेगळं. दुचाकीची प्लेट दोन ओळींची, कधी चिखलाने भरलेली, कधी देवनागरी आकड्यांत रंगवलेली. टेम्पो-ट्रकच्या तर अंगावरही नंबर लिहिलेला असतो. परदेशी गाड्यांवर शिकलेलं मॉडेल इथे हमखास अडखळतं. माझा नियम साधा आहे: गाडी सापडली पण प्लेट सापडली नाही, तर गाडीच्या चौकटीचा खालचा तिसरा हिस्सा सरसकट झाकायचा. ट्रक-टेम्पोच्या बाजूंवरचा नंबर मात्र वेगळा बघावाच लागतो. माणूस सापडला आणि चेहरा सापडला नाही, तर वरचा पाव हिस्सा झाकायचा. दिसायला ओबडधोबड, पण कामाचं.

झाकायचं कशाने, तर सपाट रंगाने. हलका धूसरपणा डोळ्याला पुरेसा वाटतो, यंत्राला नाही. मोठ्या ठिपक्यांनी किंवा धूसर करून लपवलेले चेहरे यंत्राकडून ओळखून घेता येतात, हे संशोधकांनी २०१६ मध्येच दाखवलं आहे. नंबरप्लेटवर तर अक्षरं मोजकी आणि सुरुवातीचं MH आधीच ठाऊक, त्यामुळे अंदाज आणखी सोपा.

आता तपासणी. ज्या मॉडेलने झाकलं त्याच्याकडूनच तपासून घेणं म्हणजे मुलाने स्वतःचाच पेपर तपासण्यासारखं. त्याला जे पहिल्यांदा दिसलं नाही, ते दुसऱ्यांदाही दिसणार नाही. म्हणून झाकलेल्या क्लिपवर वेगळं मॉडेल चालवावं, मर्यादा खाली ठेवून आणि प्रत्येक फ्रेमचे तुकडे मोठे करून. त्याच्यासोबत अक्षरं वाचणारा प्रोग्रामही चालवावा. कुठेही नंबरासारखं काही वाचता आलं, की ती फ्रेम बाजूला काढायची.

याहून जास्त माझा भरवसा दुसऱ्या एका पडताळणीवर आहे. चेहऱ्यापेक्षा अख्खं शरीर आणि प्लेटपेक्षा अख्खी गाडी शोधणं यंत्राला सोपं जातं. म्हणून मूळ क्लिपमधल्या माणसांची आणि गाड्यांची यादी काढायची आणि प्रत्येकासमोर विचारायचं, याच्या कुठल्या फ्रेममध्ये झाकण नाही? त्या चौकाच्या क्लिपवर नंतर हेच केलं. यादीतली बरीच माणसं पाठमोरी निघाली, काही हेल्मेटवाले, काही स्कार्फ बांधलेल्या मुली. उरलेले थोडे खरोखर उघडे होते आणि जवळजवळ सगळे बसच्या पुढच्या बाजूने अचानक बाहेर येणारे. हे आधीच केलं असतं, तर ती मुलगीही या यादीत आपोआप आली असती.

शेवटी माणसाने बघायचं, पण क्लिप चालवून नाही. चालत्या चित्रात ४ फ्रेम नजरेतून सहज निसटतात. VLC मध्ये `E` दाबलं की एकेक फ्रेम पुढे सरकते. मी प्रत्येक मोठ्या ट्रॅकच्या पहिल्या, शेवटच्या आणि पुन्हा उगवलेल्या फ्रेमची चित्रं एका पानावर मांडतो. एक पान बघायला फार वेळ लागत नाही. नुसता नमुना तपासणार असाल तर एक हिशोब ध्यानात ठेवा. सरमिसळ करून उचललेले ३०० ट्रॅक तपासले आणि एकही उघडा निघाला नाही, तर ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की चूक १ टक्क्याहून कमी आहे. २ हजार ट्रॅकच्या क्लिपमध्ये तरीही २० पर्यंत माणसं उघडी असू शकतात. म्हणून जवळून गेलेले, मोठे दिसणारे चेहरे नमुन्यावर सोडायचे नाहीत, सगळेच्या सगळे बघायचे.

चित्र स्वच्छ झालं तरी फाइल स्वच्छ झालीच असं नाही. विश्लेषणाच्या तक्त्यात नंबर लिहिलेले असतात, सॉफ्टवेअरने कापून ठेवलेल्या चेहऱ्यांचं फोल्डर शेजारीच पडलेलं असतं, आवाजात कुणीतरी कुणाला नावाने हाक मारतं. फाइल देण्याआधी आवाज आणि सोबतची माहिती काढून टाका:

```
ffmpeg -i blur.mp4 -map 0:v:0 -map_metadata -1 -c copy share.mp4
```

मग `ffprobe share.mp4` चालवून एकच व्हिडिओ उरला आहे ना, ते बघा. चित्रावरच छापून आलेली वेळ आणि तारीख मात्र या कमांडने जात नाही, तीही रंगानेच झाकावी लागते.

तपासणाऱ्या माणसाचीही परीक्षा घ्यावी. तपासायच्या प्रतीत मी दहा ठिकाणची झाकणं मुद्दाम काढून ठेवतो आणि त्याला सांगत नाही. दहापैकी सात सापडली, तर खऱ्या चुकांतल्याही साधारण तीन दशांश त्याच्या नजरेतून निसटत असाव्यात असं धरतो आणि क्लिप दुसऱ्या माणसाकडे देतो. ही खोड्या घातलेली प्रत काम झाल्याबरोबर पुसायची. एकदा ती बाहेर जाणाऱ्या फोल्डरमध्येच सापडली होती, नशिबाने पाठवण्याआधी.