उणीव आधी, क्रीम नंतर

भूक लागते म्हणून आपण धान्य आणतो आणि थंडी वाजते म्हणून पांघरूण घेतो. या वस्तू विकणाऱ्याला भूक किंवा थंडी निर्माण करावी लागत नाही. गोरेपणाच्या क्रीमचे तसे नाही. सावळ्या त्वचेला काही दुखत नाही, खुपत नाही. तिचा रंग हा आजार नाही. मग क्रीम विकायचे असेल तर आधी आपल्याला काहीतरी कमी आहे असे माणसाला वाटायला लावावे लागते. ही उणीव कशी घडवली जाते, ते या पाठात आपण एकाच वस्तूच्या आधारे पाहू.

हिंदुस्थान लिव्हर कंपनीने 1975 मध्ये 'फेअर अँड लव्हली' हे क्रीम बाजारात आणले. रंगाविषयीचा पूर्वग्रह काही कंपनीने जन्माला घातला नव्हता. 'गोरी वधू पाहिजे' हे शब्द वर्तमानपत्रांतल्या विवाहविषयक जाहिरातींत सर्रास दिसत. ज्या घरात सावळ्या विठ्ठलापुढे हात जोडले जात, त्याच घरात मुलीचा रंग पाहून उसासे टाकले जात. जाहिरातीने या उसाशाला किंमत लावली आणि त्यावरचा उपाय ट्यूबमध्ये भरून दुकानात ठेवला.

या क्रीमची एक दूरदर्शन-जाहिरात बरीच गाजली. त्यात एक वडील आपल्याला मुलगा असता तर बरे झाले असते, अशी खंत व्यक्त करतात. सावळी मुलगी ते ऐकते. मग ती क्रीम लावते, उजळते, हवाई सुंदरी होते आणि आईवडिलांना मोठ्या हॉटेलात कॉफी प्यायला नेते.

या छोट्याशा गोष्टीची रचना सावकाश पाहा. पहिल्या पायरीवर जखम आहे, आणि ती परक्या माणसाकडून नव्हे तर वडिलांच्या तोंडून होते, म्हणून ती खोल जाते. दुसऱ्या पायरीवर अदलाबदल आहे. घरातली खरी अडचण पैशाची आहे, मुलीला कमी लेखण्याची आहे; पण कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर थांबतो आणि सगळा दोष रंगावर जातो. तिसऱ्या पायरीवर क्रीम येते. चौथ्या पायरीवर बक्षीस मिळते, आणि ते बक्षीस त्वचेचे नसते. ते नोकरी, मान आणि वडिलांचे प्रेम असते. क्रीममधला कोणताही घटक या गोष्टी देऊ शकत नाही. तरीही पाहणाऱ्या मुलीच्या मनात दोन्ही एकत्र बांधले जाते: मला प्रेम कमी मिळते, कारण माझा रंग कमी आहे.

अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने अशा जाहिरातींविरुद्ध तक्रार केली. केबल टीव्हीच्या नियमांत वंश, जात, वर्ण यांची हेटाळणी करणाऱ्या जाहिरातींना मनाई आहेच. 2003 मध्ये या जाहिराती बंद झाल्या. पण साचा टिकला. 2005 मध्ये इमामी कंपनीने पुरुषांसाठी 'फेअर अँड हँडसम' आणले. तोपर्यंत ज्या मुलांना आपल्या रंगाची फारशी चिंता नव्हती, त्यांच्याहीपुढे आता तोच आरसा धरला गेला. वाणिज्याच्या भाषेत याला बाजारपेठेचा विस्तार म्हणतात. साध्या मराठीत, काळजी करणाऱ्यांची संख्या वाढवणे.

आता क्रीम प्रत्यक्षात काय करते ते पाहू. त्वचेचा रंग मेलॅनिन या द्रव्यामुळे ठरतो. ते किती आणि कसे तयार व्हावे हे मुख्यतः आनुवंशिकतेवर अवलंबून असते, आणि उन्हामुळे ते वाढते. अशा क्रीममध्ये नायसिनामाइड हे ब-3 जीवनसत्त्वाचे एक रूप वापरले जाते. ते मेलॅनिन वरच्या पेशींपर्यंत पोचण्याची क्रिया थोडी मंदावते. सोबत उन्हापासून संरक्षण करणारे घटक असतात. म्हणजे काळवंडणे काही प्रमाणात कमी होऊ शकते, तेही वापर चालू असेपर्यंत. त्वचेचे वरचे पेशीथर साधारण महिन्याभरात बदलत राहतात, म्हणून वापर थांबला की परिणामही ओसरतो. दंडाच्या आतल्या बाजूला ऊन फारसे लागत नाही. तिथे दिसणारा रंग हा साधारणपणे आपला मूळ रंग असतो. साधे क्रीम फार तर त्याच्या जवळ नेऊ शकेल, त्यापलीकडे नाही. थोड्या दिवसांत ठळक फरक दाखवणारे, नाव-पत्ता नसलेले क्रीम मिळाले तर उलट सावध व्हावे. त्यात स्टेरॉइड किंवा पारा असू शकतो. स्टेरॉइडने त्वचा पातळ होते, लाल पडते, पुरळ येते, आणि क्रीम सोडले की त्रास उफाळतो. असे दिसल्यास त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.

मग फरक पडला नाही तर दोष कोणाचा? दिल्लीतील एका ग्राहकाने 79 रुपयांचे 'फेअर अँड हँडसम' घेतले, सांगितल्याप्रमाणे लावले, आणि गोरेपणा आला नाही म्हणून 2013 मध्ये तक्रार केली. कंपनीचा बचाव असा होता की त्याने क्रीम नीट वापरल्याचे सिद्ध होत नाही. शिवाय परिणाम हा योग्य आहार, झोप, व्यायाम अशा गोष्टींवरही अवलंबून असतो. या अटी वेष्टनावर लिहिलेल्या नव्हत्या. डिसेंबर 2024 मध्ये दिल्लीच्या जिल्हा ग्राहक आयोगाने हा अनुचित व्यापार ठरवून कंपनीला सुमारे 15 लाख रुपयांचा दंड केला. हा जिल्हा पातळीवरचा निकाल आहे. पण तो बचाव लक्षात ठेवण्यासारखा आहे. गुण आला तर क्रीममुळे, नाही आला तर तुमच्यामुळे. एका उणिवेसाठी घेतलेली वस्तू दुसरी उणीव पदरात टाकते, आणि माणूस पुन्हा दुकानात जातो.

नियम पुढे कडक झाले. जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेने, म्हणजे ॲस्कीने, 2014 मध्ये सांगितले की सावळ्या व्यक्तीला दुःखी, अनाकर्षक किंवा अपयशी दाखवू नये, आणि रंगाची सांगड नोकरी-लग्नातल्या यशाशी घालू नये. 2020 मध्ये 'फेअर अँड लव्हली'चे नाव 'ग्लो अँड लव्हली' झाले. त्याआधीच वेष्टनावरचे दोन चेहरे आणि रंगछटांची पट्टी काढली गेली होती. हे बदल चांगलेच आहेत. मात्र 'गोरेपणा'च्या जागी आता 'तेज', 'निखार', 'टॅन घालवा' असे शब्द येतात. गोऱ्या रंगाला निदान काहीतरी माप होते. तेजाला मापच नाही, त्यामुळे ते पुरेसे झाले असे कधी ठरतही नाही.

म्हणून पुढची जाहिरात समोर येईल तेव्हा ती टाळू नका. शेवटपर्यंत पाहा आणि वहीत तीन प्रश्नांची उत्तरे लिहा. पाहण्यापूर्वी ही उणीव माझ्या मनात होती का? खरी अडचण कोणती होती आणि दोष कशावर टाकला गेला? शेवटी मिळालेले बक्षीस या वस्तूतील कोणता घटक देऊ शकतो? घरात मुले असतील तर त्यांच्यासोबत हे करा. तिसऱ्या प्रश्नापाशी बहुधा पानावर काहीच लिहिता येणार नाही. ती जागा कोरीच राहू द्या.