फोटोतला ब्रिज : मधली तार खरंच शांत आहे का?

परवा शेजारच्या ताईंच्या मुलीने वहीतल्या एका आकृतीचा फोटो मोबाईलवर पाठवला. ती राजुऱ्यात बारावीला आहे. "मॅडम, पुस्तकातलं उत्तर वेगळं येतंय." मी प्राथमिकची शिक्षिका, पण डी.एड.च्या आधी विज्ञान शाखेत होते, म्हणून बसले घेऊन.

फोटो तिरका होता, म्हणून आधी कोपऱ्यांना नावं द्यायला लावली. बॅटरी ९ व्होल्टची, डावीकडच्या 'अ' पासून उजवीकडच्या 'क' पर्यंत. वरचा सांधा 'ब', खालचा 'ड'. अ-ब मध्ये १० ओहम, ब-क मध्ये २०, अ-ड मध्ये १५, आणि ड-क मधला रोध अज्ञात. ब आणि ड यांना जोडणाऱ्या मधल्या फांदीत ४० ओहम. दिलं होतं, की या फांदीतून धारा वाहत नाही. हाच व्हीटस्टन ब्रिज. मूळ कल्पना सॅम्युअल ख्रिस्ती यांची, १८३३ ची. व्हीटस्टन यांनी १८४३ मध्ये ती लोकांपुढे आणली, म्हणून नाव त्यांचं.

मुलीने १० गुणिले २० भागिले १५ केलं होतं, उत्तर १३.३ ओहम. सूत्र पाठ होतं, पण आकड्यांच्या जागा चुकल्या. ४० चं काय करायचं, हाही गोंधळ होताच.

मी म्हटलं, उत्तर बाजूला ठेव, आधी तपास. धारा नाही म्हणजे ब आणि ड यांच्यात विभवांतर नाही. दोन पाटांना जोडणारी आडवी नळी असावी आणि दोन्हीकडे पाण्याची पातळी सारखी, तसं. मग नळी बारीक की जाड, काय फरक पडतो? म्हणून ४० हिशोबात येतच नाहीत.

मधली फांदी काढली असं समजू. वरच्या वाटेत ३० ओहम, धारा ०.३ अँपिअर, १० ओहमवर ३ व्होल्ट खर्च. आता तिचे १३.३ घेऊ. खालच्या वाटेत २८.३ ओहम, म्हणून १५ वर साधारण ४.८ व्होल्ट खर्च. पातळी जुळली नाही, म्हणजे उत्तर चुकलं!

१५ वरही ३ व्होल्टच खर्च व्हायला हवेत, तर खालची धारा ०.२ अँपिअर. उरलेले ६ व्होल्ट अज्ञात रोधावर, म्हणून तो ३० ओहम. समोरासमोरच्या रोधांचा गुणाकारही जुळतो, १० गुणिले ३० आणि १५ गुणिले २०, दोन्ही ३००.

प्रयोगशाळेत मात्र काटा शून्यावर दिसला तरी लगेच मानू नये. तार सुटली असेल तरी काटा शून्यावरच. १५ च्या जागी १६ ठेवा, काटा एका बाजूला जायला हवा; १४ ठेवा, दुसऱ्या बाजूला. हललाच नाही, तर जोडणी तपासा.