उरलेला भात : ठेवावा की टाकावा?

गेल्या उन्हाळ्यात घरी एकट्या राहणाऱ्या, सत्तरी ओलांडलेल्या एक आजी दुपारी दवाखान्यात आल्या. चार उलट्या झालेल्या, जीभ कोरडी, नाडी जलद. आदल्या दिवशी सकाळी दहाला कुकर लावला होता. जेवून उरलेला भात पातेल्यात झाकून रात्रभर ओट्यावरच राहिला. सकाळी आठला त्याचा फोडणीचा भात खाल्ला आणि साडेदहाला उलट्या सुरू झाल्या. "डॉक्टर, चांगला खरपूस परतला होता हो, वाससुद्धा नव्हता," त्या म्हणाल्या.

गोम इथेच आहे. तांदळात 'बॅसिलस सीरियस' या जंतूची सूक्ष्म बीजे असू शकतात. ती शिजवूनही मरत नाहीत. भात तासन् तास कोमट राहिला की त्यांतून जंतू वाढतात आणि विष तयार करतात. हे विष परतून वा उकळून जात नाही, आणि ते वासावरून वा चवीवरून कळत नाही. त्यातून वयोमानाने नाकही मंदावते. म्हणून 'चाखून बघते' ही परीक्षा सोडून द्यावी.

"आम्ही जन्मभर शिळा भात खाल्ला" असे पुष्कळजण सांगतात. खरे आहे, तरुणपणी दोन उलट्या झाल्या की माणूस उठून कामाला लागतो. या आजींना रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू होती. अशा शरीरातले पाणी झपाट्याने घटते, चक्कर येते, मूत्रपिंडावर ताण पडतो.

आईवडील एकटे राहत असतील तर मुलांनी पुढील प्रश्न मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर चिकटवावेत.

१. शिजवल्यावर बाहेर किती वेळ होते? दोन तासांपेक्षा जास्त, कडक उन्हाळ्यात एका तासापेक्षा जास्त, तर टाका.
२. फ्रिजमध्ये किती दिवस झाले? भात दुसऱ्या दिवशी संपवा; वरण, भाजी तीन दिवसांपर्यंत. आठवणीवर भिस्त नको, डब्यावर चिठ्ठी लावा.
३. एकदा गरम करून पुन्हा उरले आहे का? टाका.
४. वीज चार तासांहून जास्त गेली होती का? शिजवलेले अन्न टाका.

चारांपैकी एकाचेही उत्तर आठवत नसेल, तरी टाकाच. अन्न टाकताना या पिढीचा जीव तुटतो, हे मी रोज पाहतो. तेव्हा मुळात एक वाटीच तांदूळ लावावा. उरलाच तर ताटात पातळ पसरावा, म्हणजे अर्ध्यापाऊण तासात निवतो, आणि लगेच फ्रिजमध्ये ठेवावा. खोल पातेल्यात मधला भात बराच वेळ कोमट राहतो. फ्रिज नसेल तर ताजे तेवढेच खावे; रात्रीसाठी भाकरी आणि कोरडी चटणी ठेवावी.

उलट्या झाल्याच तर जलसंजीवनी घोट घोट घ्यावी. पाणी पोटात ठरत नसेल, लघवी कमी झाली किंवा उभे राहताना अंधारी आली, तर संध्याकाळची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे, आणि चालू गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत.