पाऊण रुपयाचा क्लिक, अडीचशेचं तिकीट

प्रश्न : आमच्या कॉलेजच्या फेस्टची जाहिरात मी इन्स्टाग्रामवर चालवतोय. क्लिक पाऊण रुपयाला पडतो, हजारो क्लिक झालेत, पण तिकिटं जेमतेम गेली. एवढे लोक येऊन परत का जातात? – एक विद्यार्थी, कोथरूड

उत्तर : त्यातले बरेचसे लोक आलेलेच नसतात. माझ्या भाचीची गोष्ट सांगतो.

शिवाजीनगरच्या एका कॉलेजात ती शिकते. फेस्टच्या जाहिरातीसाठी कमिटीनं तिला सहा हजार रुपये दिले होते. तिकीट अडीचशेचं. चौथ्या दिवशी तिचा फोन आला, "मामा, तीन हजारांत चार हजार क्लिक! पंचाहत्तर पैशांना एक!" तिकिटं किती गेली, असं विचारलं तेव्हा ती थांबली. चार. म्हणजे एकेका तिकिटामागे साडेसातशे रुपये गेले होते.

संध्याकाळी ती लॅपटॉप घेऊन घरी आली. अ‍ॅड्स मॅनेजरमध्ये 'लिंक क्लिक'च्या शेजारी 'लँडिंग पेज व्ह्यू'चा रकाना उघडला. पहिला आकडा बोट लागल्याचा, दुसरा पान खरोखर उघडल्याचा. चार हजार बोटं लागली, पण पान उघडलं अकराशे वेळा. थोडी तफावत नेहमीच असते, कारण नेट मंद असतं किंवा माणूस मधेच मागे फिरतो. पण चारातले तीन गळत असतील, तर जाहिरात कुठे दिसतेय ते तपासायचं. मग आम्ही जागेनुसार फोड काढली. बहुतेक क्लिक 'ऑडियन्स नेटवर्क'चे निघाले. ही इन्स्टाग्रामच्या बाहेरची, इतर कंपन्यांच्या अ‍ॅपमधली जागा. तिथे गेम खेळताना जाहिरात मधे येते, ती बंद करायला गेलं की चुकून बोट लागतं. तो क्लिक स्वस्त पडणारच.

पण मूळ चूक त्याच्याही आधीची होती. मोहीम सुरू करताना तिनं उद्दिष्ट 'ट्रॅफिक' निवडलं होतं. मेटाची यंत्रणा हा शब्द अक्षरशः घेते. तिकीट घेणारा माणूस ती शोधत नाही, दिसेल त्यावर क्लिक करण्याची सवय असलेला शोधते, कारण आपण तेवढंच मागितलेलं असतं. तुमचंही उद्दिष्ट हेच असणार, असं मला वाटतं. आधी ते पाहा.

उरलेल्या तीन हजारांसाठी तिनं नवी मोहीम मांडली. उद्दिष्ट 'सेल्स'. तिकिटाच्या पानावर मेटाचा पिक्सेल, म्हणजे पानावर काय घडलं ते कळवणारा छोटा कोड, आधीपासून होताच. इथे एक अडचण येते. यंत्रणेला नीट शिकायला आठवड्याला साधारण पन्नास घटना लागतात आणि तिच्याकडे विक्री होती चार. म्हणून तिनं 'खरेदी'ऐवजी एक पायरी अलीकडची घटना धरली : पैसे भरायचं पान उघडणं. ती जास्त वेळा घडते. ऑडियन्स नेटवर्क काढून टाकलं. आधी अख्खं पुणे आणि भोवतालचा पट्टा धरला होता, आता कॉलेजभोवतीचे दहा किलोमीटर. रात्री साडेदहाला कार्यक्रम संपल्यावर वाघोलीहून आलेली मुलगी घरी कशी जाणार, हा विचार तिकीट घेणारा करतोच. लिंकच्या शेपटीला तिनं खूणही जोडली :

```
?utm_source=instagram&utm_content=band_reel
```

त्यामुळे कोणत्या रीलवरून माणूस आला, हे वेबसाइटच्या हिशोबात वेगळं दिसतं.

आता क्लिक नऊ रुपयांना पडू लागला. कमिटीचा खजिनदार घाबरला, त्यानं जाहिरात बंद करायला सांगितलं. तिनं त्याला क्लिकचा रकाना झाकून तिकिटांचा दाखवला. तीन हजारांत जेमतेम सव्वातीनशे क्लिक झाले, पण तिकिटं गेली तीस. एका तिकिटामागे शंभर रुपये.

हे सगळं यश नव्या मांडणीचं नाही, हेही मी तिला सांगितलं. फेस्ट जवळ आला की तिकिटं तशीही जास्त जातात. शिवाय जाहिरात नुसती दिसली आणि चोवीस तासांत तिकीट घेतलं, तरी मेटा ते आपल्या खात्यात धरू शकतं. मैत्रिणीच्या सांगण्यावरून घेतलेलं तिकीटही असं जाहिरातीच्या नावावर चढतं.

हे ओळखायला तिनं नव्या मोहिमेसोबतच सोपी युक्ती केली होती. तिकिटाच्या फॉर्मवर एक प्रश्न वाढवला : "फेस्टबद्दल कुठून कळलं?" त्या तिसांपैकी अकरा जणांनी लिहिलं, व्हॉट्सअ‍ॅपवर मित्राकडून. पुरुषोत्तम करंडकाला भरत नाट्य मंदिरात आपल्या कॉलेजची एकांकिका बघायला मुलं कशी जमतात, हे पाहिलेल्या पुणेकराला याचं नवल वाटणार नाही. दुसऱ्या दिवशी तिनं प्रत्येक वर्गाच्या प्रतिनिधीला स्वतःचा सवलतीचा कोड दिला, तिकिटामागे वीस रुपये सूट. जाहिरातीचे शंभर आणि हे वीस आता ती एकाच वहीत, शेजारशेजारच्या रकान्यांत मांडते.